अर्धवर्तुळ स्कर्टची कंबर सैल का होते?

प्रश्न: कंबर 28 इंच, लांबी 24 इंच. घेरदार स्कर्ट वर्तुळाच्या सूत्राने कापू की साधा पॅटर्न चिरून पसरवू? सूत्राने कापला की कंबर दर वेळी मोठी होते, असं का?

कंबर मोठी होते ती बहुतेक वेळा शिलाईच्या मार्जिनमुळे. सूत्र बरोबर असतं, पण त्यातून मिळते ती शिवणीची रेघ. कात्री त्या रेघेवर चालवली की शिवण आपोआप खाली सरकते.

तुमच्याच मापाने अर्धवर्तुळ बघू. कंबर भागिले 3.14, म्हणजे 28 ÷ 3.14 = 8.9 इंच त्रिज्या. आता कापड 8.9 वर कापलं आणि अर्धा इंच दाबून पट्टा जोडला, तर टीप पडते 9.4 इंचावर. 9.4 × 3.14 म्हणजे साडेएकोणतीस. एवढ्यातच कंबर दीड इंच वाढली. पूर्ण वर्तुळात हाच अर्धा इंच तीन इंचांहून जास्त महाग पडतो, कारण तिथे 6.28 ने गुणायचं असतं. म्हणून मार्जिन कंबरेकडे, केंद्राच्या दिशेने सोडायचं: कात्री 8.4 वर, टेपवर 8 इंच आणि तीन दोरे, आणि टीप 8.9 वर. कापड पातळ, लुळं असेल तर मी आणखी पाव इंच आत कापते. कंबर कमी भरली तर पाव इंच पुन्हा कापता येतं, जास्त कापलेलं परत येत नाही.

दुसरं कारण उरेब. अर्धवर्तुळात कंबरेची गोलाई कुठे उभ्या धाग्यावर, कुठे आडव्या आणि मध्ये तिरकी येते. तो तिरका भाग हातात घेतला तरी ताणतो. त्यामुळे कापल्या कापल्या, कापड टेबलावरून उचलायच्या आधी, काठापासून पाव इंचावर बारीक टाक्याने धावदोरा घाला किंवा लगेच मशीनवर टीप मारा. मग टेप काठावर उभी धरून शिवणीच्या रेघेवर मोजा. आडवी टेप गोलाईवर नीट बसत नाही, मोजमाप चुकतं.

मांडणी अशी: कापडाची आडवी घडी घाला, म्हणजे प्रत्येक किनार स्वतःवरच दुमडली जाईल. घडी आणि किनार मिळतात त्या कोपऱ्यापासून घडीवरच एक इंच आत केंद्राची खूण करा; तो एक इंच मागच्या मधल्या शिवणीचा आणि चेनचा. त्या खुणेवरून 8.4 चा एक कंस आणि 33.4 चा दुसरा (8.9 + 24 + खालच्या दुमडीचा अर्धा इंच). पट्टा लांबीतच धरला असेल तर 24 मधून त्याची रुंदी वजा करा. 44 इंच पन्ह्यात हे सहज बसतं, 68 इंच कापड लागतं, पट्ट्याचं वेगळं. खालचा घेर साधारण 103 इंच येतो. दुमड अर्ध्या इंचापेक्षा मोठी घेऊ नका. बाहेरचा काठ आतल्या रेघेपेक्षा लांब असतो, मोठी दुमड चुण्या पाडते.

पट्टा लावल्यावर स्कर्ट एक दिवस टांगून ठेवा. उरेब भाग, या मांडणीत दोन्ही बाजूंचा, खाली ओघळतो. नंतर अंगावर घालून जमिनीपासून माप घ्या, कडा सारखी करा आणि मगच दुमडा.

आता चिरून पसरवणं. स्कर्ट नितंबापर्यंत अंगाबरोबर आणि खाली घेरदार हवा असेल, तर ही पद्धत घ्या. अर्धवर्तुळात कंबरेखाली 8 इंचांवरच घेर 53 इंच होतो, तिथे अंगाबरोबर काही राहत नाही. साध्या पॅटर्नच्या टक्सच्या टोकापासून खालच्या कडेपर्यंत उभी रेघ मारा, खालून टोकापर्यंत कापा आणि टक्स मिटवा. खालची कड आपोआप उघडते. किती, तेही काढता येतं: टक्स 4 इंच लांब, पाऊण इंच रुंद आणि टोकाखाली 20 इंच उरले, तर 0.75 × 20 ÷ 4 = 3.75 इंच. अजून घेर हवा असेल तर आणखी उभ्या रेघा खालून कंबरेपर्यंत चिरा, वर कागदाचा दोराभर भाग जोडलेला ठेवा आणि प्रत्येक फट सारखी उघडा. एकच फट मोठी केली तर घेर तिथेच गोळा होतो, बाकी स्कर्ट सपाट राहतो. शेवटी कंबर आणि खालची कड नव्याने गोलाईत आखा, कारण चिरल्यावर तिथे कोन पडतात.

तुमच्या स्कर्टला एकसारखा, कंबरेपासूनच सुटलेला घेर हवा असेल तर अर्धवर्तुळ घ्या. उभ्या पट्ट्यांचं कापड असेल तर मात्र पॅटर्न चिरा. अर्धवर्तुळात पट्ट्या मागे उभ्या आणि पुढे आडव्या येतात.