शिवराक जेवणातला डॅश: वरणाआधी लोणच्याकडे बघा

प्रश्न: बीपी वाढलंय, डॉक्टरांनी डॅश डाएट सांगितलाय. मी फोंड्यात राहतो, पूर्ण शाकाहारी आहे. आपल्या वरण, पोळी, भाजीत तो कसा बसवायचा? भात बंद करावा का?

आमच्या घरात यावरून मोठं भांडण झालंय, म्हणून लिहिते.

सासूबाईंचं बीपी वाढल्यावर मोठ्या दिरांनी फर्मान काढलं की त्यांचं वरण आणि भाजी अळणी करायची. ‘आमी शिवराक, मासे खायनात, मीठ काडलें की जालें,’ हे त्यांचं म्हणणं. महिनाभर सासूबाईंनी ते वरण चिवडलं, अर्धं टाकलं आणि पोट भरलं ते पेजेवर, सोबत लोणचं, चेपणीचं तोर आणि भाजलेला पापड. वजन उतरलं, बीपी होतं तिथेच राहिलं. दोष मात्र स्वयंपाक करणाऱ्या माझ्यावर आला.

मग मी मिठाच्या एक किलोच्या पाकिटावर तारीख लिहिली. तीन माणसांत ते 26 दिवसांत संपलं, म्हणजे माणशी दिवसाला जवळजवळ 13 ग्रॅम. डॅशमधली नेहमीची मर्यादा 2300 मिलिग्रॅम सोडियमची, म्हणजे सगळं धरून सपाट चमचाभर, सहा ग्रॅमच्या आत मीठ. आमच्या 13 ग्रॅममध्ये विकतचा पापड आणि पाव तर धरलेलेच नव्हते. वाटीभर वरणात साधारण एक ग्रॅम मीठ असतं. पापडात अर्धा ग्रॅम, आणि पापडखारातही सोडियमच असतं. चमचाभर लोणच्याच्या खारात अर्धा ते एक ग्रॅम. दोन पापड, दोनदा लोणचं आणि एक तोर झालं, की अळणी वरणाने वाचवलेलं सगळं परत येतं, वर डाळ पोटात जात नाही ते वेगळंच.

म्हणून मी उलटं केलं. लोणचं, तोर आणि पापड फक्त रविवारी. वरणात मीठ निम्मं, तेही उतरवताना घालायचं, म्हणजे जिभेला कळतं. चवीला हिंग-जिऱ्याची फोडणी, लिंबू आणि सोलं, पण सोलं मीठ न लावलेली बघून घ्यायची. पोळीच्या कणकेतलं मीठ पूर्ण काढलं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पण नुसतं मीठ काढणं म्हणजे डॅश नव्हे, आणि हे दिरांना आजही पटत नाही. 1997 साली अमेरिकेत याची पहिली मोठी चाचणी झाली, तेव्हा सगळ्या गटांचं मीठ सारखंच ठेवलं होतं. भाज्या, फळं आणि कमी स्निग्धांशाचं दूध-दही वाढवलं आणि संपृक्त चरबी कमी केली, एवढ्यानेच बीपी उतरलं. ज्यांचं आधीपासून जास्त होतं त्यांचं वरचं सरासरी 11 ने, आणि फरक दोन आठवड्यांतच दिसला. मीठ कमी केल्याचा वेगळा फायदा नंतरच्या चाचणीत दिसला.

तेव्हा ताटात तांबडी भाजी, दुधी, भेंडी, काकडीची कोशिंबीर असं दिवसभरात तीन-चार वाट्या हवंच. मूळ आराखड्यात मांस-मासे असल्याने कडधान्यं आठवड्याला चार-पाच वेळाच आहेत. आपण त्या जागी रोज डाळ, मूग किंवा अळसांदे घ्यायचे. साय काढलेल्या दुधाचं दही, ताक बिनमिठाचं. नारळ मात्र खरंच कमी करावा लागतो. तोंडाकाला मी अर्धा नारळ वाटायचे, आता मूठभर खोबरं घेते आणि दाटपणाला थोडे अळसांदे त्यातच वाटते.

सासूबाईंची गोळी तीच ठेवली होती. रोज सकाळी पाच मिनिटं बसवून दोनदा मोजायचो. सहा आठवड्यांत सरासरी 156 वरून 146 वर आली. दिरांनी श्रेय आपल्या अळणी वरणाला दिलं.

भात बंद करू नका. उकड्या तांदळाचा एक वाटी भात किंवा दोन पोळ्या, जे आवडेल ते. अडचण येते ती तीनदा भात वाढून भाजी चमचाभर घेतल्याने.

सैंधव वापरून सुटका नाही, तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. ‘कमी सोडियम’चं मीठ दिरांनी आणलं होतं, ते डॉक्टरांनी ताबडतोब थांबवलं. त्यात पोटॅशियम असतं, आणि सासूबाईंचं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंड थोडं कमजोर, शिवाय गोळी टेल्मिसार्टन, तिनेही रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा अशी गोळी चालू असेल तर इतक्या भाज्या-फळांबद्दलही आधी डॉक्टरांना विचारा. आणि उठताना चक्कर येऊ लागली तर गोळीचा डोस त्यांच्याकडून तपासून घ्या, स्वतः सोडू नका.

आमचं पाकीट आता 50 दिवस पुरतं.