वाक्य आधी उलटवून पाहा, मग वाढवून पाहा

प्रश्न: इंग्रजीतून मराठीत अनुवाद करायला नुकती सुरुवात केली आहे. एखादं वाक्य खरंच तसं म्हटलंय, टोमणा मारलाय की मुद्दाम कमी करून सांगितलंय, हे आधी कसं ओळखायचं?

उत्तर:

शंका आलेल्या वाक्यावर मी आधी दोन गोष्टी करून पाहतो. पहिली म्हणजे ते उलटवतो: 'मदत झाली'च्या जागी 'मदत झाली नाही' ठेवतो. दुसरी म्हणजे ते वाढवतो: 'थोडी'च्या जागी 'प्रचंड' ठेवतो. मग आजूबाजूच्या मजकुराशी कोणतं रूप जुळतं ते बघतो. उलटवलेलं जुळलं तर वक्रोक्ती किंवा उपरोध असतो. वाढवलेलं जुळलं तर न्यूनोक्ती, म्हणजे जे आहे ते कमी करून सांगणं. उपरोधात शब्द एका दिशेला असतात आणि अर्थ दुसऱ्या. न्यूनोक्तीत दिशा खरीच असते, फक्त मोजमाप लहान केलेलं असतं. हा फरक हाती आला की अर्धं काम होतं.

एक उदाहरण नीट पाहू. एका इमारतीच्या कामासंबंधीचं पत्र माझ्याकडे अनुवादाला आलं होतं. त्यातली तीन वाक्यं साधारण अशी होती: 'आपल्या सविस्तर अहवालाबद्दल आभारी आहोत. त्यातल्या दोन ओळींची आम्हाला बरीच मदत झाली. छताबद्दल आम्हाला थोडी काळजी वाटते.' मी तिन्ही वाक्यं शब्दाला शब्द ठेवून उतरवली. वाचणाऱ्याचा समज असा झाला की अहवाल आवडला आहे आणि छताचं काम किरकोळ आहे. प्रत्यक्षात त्याच पत्राच्या शेवटी लिहिलं होतं की पुढची सूचना मिळेपर्यंत इमारतीत कोणीही पाऊल ठेवू नये.

आता चाचणी लावू. 'बरीच मदत झाली' हे वाढवून 'प्रचंड मदत झाली' केलं तर ते जुळत नाही, कारण अख्खा अहवालच दोन ओळींचा होता. उलटवून 'काहीच मदत झाली नाही' केलं तर लगेच जुळतं. म्हणजे हा उपरोध. 'थोडी काळजी' उलटवून 'काळजी नाही' केलं तर इमारत बंद ठेवण्याला अर्थ उरत नाही. वाढवून 'फार मोठी काळजी' केलं तर जुळतं. म्हणजे ही न्यूनोक्ती. एकाच माणसाने, एकाच परिच्छेदात, एकाच थंड सुरात दोन्ही वापरल्या होत्या. म्हणून नुसत्या सुरावर भरवसा ठेवू नका. पुरावा बहुतेकदा त्या वाक्याबाहेर असतो, आणि कित्येकदा पुढे असतो. पूर्ण मजकूर वाचल्याशिवाय पहिली ओळ उतरवायला घेऊ नका, असं मी कळकळीने सांगेन.

त्याच पत्रातला 'सविस्तर' हा शब्द पुन्हा पाहा. तो लिहिणाऱ्याचा नव्हताच. समोरच्याने आधी 'सविस्तर अहवाल पाठवतो' असं कळवलं होतं, त्याचाच शब्द त्याला परत केला होता. डॅन स्पर्बर आणि डिअर्ड्री विल्सन या अभ्यासकांनी १९८१ साली वक्रोक्तीची मांडणी अशीच केली: बोलणारा दुसऱ्याचं म्हणणं किंवा अपेक्षा प्रतिध्वनीसारखी परत उच्चारतो आणि त्यातून ती आपल्याला पटत नाही हे दाखवतो. अनुवादकाला याचा थेट उपयोग आहे. 'हे वाक्य मुळात कोणाचं?' असं विचारायचं. कोणी म्हणालं असेल की आज लख्ख ऊन पडणार, आणि मुसळधार पाऊस लागला, तर 'काय छान ऊन पडलंय!' हे त्याचं भाकीत परत केलेलं असतं. ते त्याला ऐकवलं तर टोमणा, स्वतःशीच म्हटलं तर नुसती वक्रोक्ती. टोमण्याला लागायला माणूस हवा. स्तुतीच्या शब्दांत निंदा जास्त का आढळते, तेही यातून कळतं. चांगलं घडावं ही अपेक्षा सगळ्यांचीच असते, त्यामुळे ती कधीही परत उच्चारता येते. उलट प्रकारात, म्हणजे निंदेच्या शब्दांत स्तुती असेल तर, आधी कोणीतरी वाईटाची भीती व्यक्त केलेली असते. ती जागा सापडली नाही तर ते वाक्य सरळ धरावं.

न्यूनोक्तीला असा प्रतिध्वनी नसतो, म्हणून ती निसटते. तिथे माणसाची मोजपट्टी माहीत हवी. एप्रिल १९५१ मध्ये कोरियात इम्जिन नदीच्या लढाईत ब्रिटिश ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनी अमेरिकन वरिष्ठांना परिस्थिती 'जराशी अवघड' असल्याचं कळवलं, असं सांगितलं जातं. त्यांना म्हणायचं होतं की परिस्थिती अत्यंत गंभीर आहे. ऐकणाऱ्याने समजून घेतलं की अडचण आहे, पण निभावतंय. ब्रॉडींच्या हाताखालची ग्लॉस्टरशर रेजिमेंटची तुकडी वेढ्यात अडकली आणि तिचे बहुतेक सैनिक कैद झाले. दोघांची भाषा इंग्रजीच होती, तरी असं झालं. म्हणून एखाद्या लेखकाचं 'नॉट बॅड' उतरवण्याआधी त्याची वीसेक पानं वाचा आणि तो मोठे शब्द कधी वापरतो ते पाहा. जो कशालाच 'अप्रतिम' म्हणत नाही, त्याचं 'नॉट बॅड' ही मोठी दाद असू शकते. जो ऊठसूट 'अप्रतिम' म्हणतो, त्याचं 'नॉट बॅड' म्हणजे नाराजी.

ओळखल्यावर मी कागदाच्या कडेला तीन गोष्टी टिपतो: शब्द काय म्हणतात, वस्तुस्थिती काय आहे आणि वाक्य मुळात कोणाचं आहे. मगच मराठीत लिहितो. इथे सर्वात मोठी चूक म्हणजे अर्थ फोडून सांगणं. 'तुमचा अहवाल निरुपयोगी होता' असं लिहिलं की अर्थ पोचतो, पण बोलणाऱ्याची पळवाट बंद होते. त्याला 'मी तर आभारच मानले होते' असं म्हणायची सोय ठेवायची होती. आपल्याकडे त्यासाठी साधनं आहेत. एरवी 'तुम्ही' म्हणणारा माणूस अचानक 'आपण' म्हणू लागला की कान टवकारतात. 'म्हणे' जोडलं की वाक्य दुसऱ्याचं ठरतं. 'दिवे लावले', 'प्रताप', 'पराक्रम' हे शब्द आता बहुधा उपरोधानेच येतात, पण औपचारिक पत्रात ते भडक होतात. मी शेवटी लिहिलं: 'आपण सविस्तर अहवाल पाठवलात, आभारी आहोत. त्यातल्या दोन्ही ओळींची आम्हाला बरीच मदत झाली.' 'दोन'चं 'दोन्ही' केल्याने अहवालात एवढंच होतं हे उघड झालं आणि सभ्यपणाही टिकला.

छताच्या वाक्यात 'थोडी काळजी वाटते'ऐवजी 'जरा काळजीच वाटते' केलं. त्या एका 'च'ने वजन वाढलं. तरीही, जिथे वाचणाऱ्याच्या जिवाला धोका असेल तिथे मी बारकाव्यावर थांबत नाही. इमारत बंद ठेवण्याची सूचना पत्रात आधीच स्पष्ट होती म्हणून 'च' पुरला. ती नसती तर मी 'गंभीर काळजी' असंच लिहिलं असतं आणि तसं केल्याचं पत्र देणाऱ्याला कळवलं असतं.

कधी दोन्ही चाचण्या लावूनही निकाल लागत नाही. मागचापुढचा मजकूर नसलेलं एकटं वाक्य असेल तर असं हमखास होतं. लिहिणारा उपलब्ध असेल तर त्याला विचारा. नसेल तर दोन्ही अर्थ निघू शकतील असं साधं वाक्य ठेवा आणि उद्गारचिन्ह मुळात नसेल तर आपल्या पदरचं घालू नका.