शिफारसपत्राचा मराठी मसुदा इंग्रजीत नेताना

प्रश्न: विभागप्रमुख सरांनी एका विद्यार्थिनीच्या परदेशातल्या शिष्यवृत्तीसाठी शिफारसपत्राचा मसुदा मराठीत लिहून दिलाय. म्हणाले, "इंग्रजी करून आणा, सही करतो." जसंच्या तसं केलं तर चारित्र्याच्या दाखल्यासारखं दिसतं. बदललं तर ते सरांचं पत्र राहील का? मी त्याच विभागात शिकवते. कुठवर बदल करावेत?

उत्तर:

सही कुठल्या कागदावर होणार ते आधी बघा. सरांनी मराठी पत्रावर सही-शिक्का करून दिला असता, तर तुम्ही नुसत्या अनुवादक. मग त्यातलं एक विशेषणही आपल्या मनाने हलवता आलं नसतं आणि मूळ पत्र अनुवादाला जोडावं लागलं असतं. इथे सही इंग्रजी पत्रावर होणार, म्हणजे तेच मूळ पत्र आणि मराठी कागद ही त्याची तयारी. त्यामुळे क्रम, मांडणी, वाक्यं खुशाल बदला. मात्र नवी माहिती किंवा कौतुकाची वरची पायरी स्वतःच्या पदरची घालू नका. जे वाढवायचं ते सरांच्या तोंडून यायला हवं. तेव्हा अनुवादाला बसण्याआधी सरांकडे अर्धा तास मागा.

माझ्याकडे भूविज्ञान विभागातून आलेला असाच एक मसुदा होता. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगतो. मजकूर साधारण असा होता: "कु. अमुक ही आमच्या विभागाची अत्यंत हुशार, मेहनती, नम्र व आज्ञाधारक विद्यार्थिनी असून तिची उपस्थिती नियमित होती. घरची परिस्थिती बेताची असूनही तिने प्रथम श्रेणी प्राप्त केली. क्षेत्रकार्यात तिने जुन्या नोंदींमधील त्रुटी निदर्शनास आणून दिल्या. इंग्रजी थोडे कच्चे असले तरी जिद्द वाखाणण्याजोगी आहे. तिच्या उज्ज्वल भवितव्यास आमच्या शुभेच्छा."

मराठीत हे वाचून कोणालाच वावगं वाटणार नाही. निवड समितीसमोर मात्र याच वाक्यांचं वजन पालटतं. 'नियमित उपस्थिती' वाचून त्यांना वाटतं, सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं बहुतेक. 'आज्ञाधारक' म्हणजे स्वतःचं डोकं न चालवणारी. 'हार्डवर्किंग अँड सिन्सिअर' ही जोडी तर इतक्या पत्रांत येते की नजर तिच्यावरून घसरून जाते. आणि या गर्दीत एकच वाक्य खरं सोन्याचं होतं, ते जुन्या नोंदींमधल्या त्रुटींचं. सरांनी ते एका ओळीत उरकलं होतं, कारण त्यांना ती गोष्ट पाठ होती. आपल्या मसुद्यांत बहुतेकदा असंच असतं: ज्याला पुरावा आहे ते अर्ध्या ओळीत, आणि ज्याला नाही ते परिच्छेदभर.

म्हणून सरांना मी त्या एका ओळीबद्दलच विचारत राहिलो. कुठल्या नोंदी? चूक काय होती? तिच्या लक्षात कशी आली? तुम्ही सांगितलं होतं की तिने आपणहून शोधली? पुढे त्याचं काय झालं?

त्यातून जे निघालं ते असं. प्रबंधासाठी ती एका पाणलोटातल्या ३६ विहिरींची पाणीपातळी मोजत होती, उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा. मागच्या तुकडीच्या नोंदींशी ताळा करताना चार विहिरींची पातळी वर्षभरात एकदम साठ-सत्तर सेंटिमीटर खाली गेलेली दिसली. शेजारच्या विहिरी मात्र जागच्या जागी. उपसा वाढला असेल असं लिहून मोकळं होता आलं असतं. ती टेप घेऊन त्या चार विहिरींवर परत गेली. तेव्हा कळलं, की मधल्या काळात दुरुस्ती होऊन त्यांचे कठडे उंच झाले होते. टेप कठड्याच्या माथ्यावरून सोडायची पद्धत होती, म्हणजे कठडा वाढला तेवढं पाणी कागदावर खोल गेलं. मग तिने सगळ्या ३६ कठड्यांची जमिनीपासूनची उंची मोजली, प्रत्येक नोंदीतून ती वजा केली आणि टेप जिथून सोडायची तिथे प्रत्येक विहिरीवर रंगाची खूण केली. आता पुढची तुकडी तिचाच तक्ता वापरते.

आता 'हुशार' हा शब्द लिहायची गरज उरली का? इंग्रजी पत्राचा मधला मोठा परिच्छेद याच घटनेचा झाला. त्याचा मजकूर मराठीत सांगायचा तर इतका: "चार विहिरींमधली घट तिला संशयास्पद वाटली. उपसा हे सोपं कारण मान्य न करता ती माझ्या सूचनेची वाट न पाहता प्रत्यक्ष जागेवर गेली. मोजणीचा संदर्भबिंदू बदलल्यामुळे हा फरक पडल्याचं तिने दाखवलं आणि सर्व ३६ विहिरींच्या नोंदी दुरुस्त केल्या. आमचा विभाग आता तिचीच पद्धत वापरतो." यात एकही स्तुतिपर विशेषण नाही. भूजलाचा गंध नसलेल्या सदस्यालाही हे समजतं, म्हणून खडकाचे प्रकार वगैरे तांत्रिक तपशील आम्ही गाळले.

'माझ्या सूचनेची वाट न पाहता' हे मात्र सरांना दोनदा विचारून घातलं. अशाच जागी अनुवादकाचा हात सैल सुटतो आणि विद्यार्थिनी आपोआप मोठी होते. माझी कसोटी साधी आहे. समितीने उद्या फोन करून "हे जरा सविस्तर सांगाल का?" म्हटलं, तर सरांना दोन मिनिटं बोलता यायला हवं. ज्या वाक्यावर ते अडखळतील ते वाक्य काढायचं, कितीही देखणं असलं तरी.

'आज्ञाधारक'सुद्धा नुसता खोडला नाही. सरांना विचारलं, तुम्हाला नेमकं काय आठवतं? ते म्हणाले, क्षेत्रकार्याची वही दर शनिवारी न मागता टेबलावर असायची, आणि ज्या विहिरीवर मोजणी झाली नाही तिथे 'झाली नाही' असं स्पष्ट लिहिलेलं असायचं. हे विश्वासार्हतेचं वाक्य झालं. सरांना म्हणायचं होतं तेच, फक्त दिसेल असं.

तुलनेच्या वाक्यावर थोडा वेळ घालवा, कारण समिती ते शोधून वाचते. 'सर्वोत्तम विद्यार्थ्यांपैकी एक' याला किती जणांपैकी हे कळल्याशिवाय अर्थ नाही. सरांना विचारा: तुम्ही आजवर साधारण किती प्रबंधांना मार्गदर्शन केलं, आणि ही त्यांत कुठे बसते? आमचे सर थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "चाळीसेक असतील. स्वतंत्रपणे काम करण्यात पहिल्या तीन-चारांत. पण लेखनात नाही." अगदी तसंच लिहिलं. 'लेखनात नाही' या शब्दांमुळे आधीच्या दाव्यावर विश्वास बसतो.

गुणांचंही तसंच. आपल्याकडे ६० टक्क्यांना प्रथम श्रेणी, त्यामुळे ६६ टक्के आपल्याला बरे वाटतात. अमेरिकेतल्या वाचकाला तेच जेमतेम पास झाल्यासारखे दिसतात. म्हणून नुसता आकडा सोडू नका, वर्गातला क्रमांक आणि वर्गाची संख्या द्या: २४ जणांत तिसरी. टक्क्यांचं त्यांच्या चार गुणांच्या मापात रूपांतर स्वतः करायला जाऊ नका. ते काम त्यांचं, आणि तुमचा आकडा गुणपत्रिकेशी जुळला नाही तर उगाच शंका येते.

'इंग्रजी थोडे कच्चे' या ओळीला बहुतेक जण घाबरून कात्री लावतात. सरांनी लिहिली आहे तर आधी विचारा, कच्चं म्हणजे काय? बोलणं, वाचणं की लिहिणं? आमच्या बाबतीत प्रबंधाचा पहिला खर्डा विस्कळीत होता, तिने तो तीनदा लिहिला आणि शेवटच्या खर्ड्यात सरांना फक्त किरकोळ दुरुस्त्या कराव्या लागल्या. एवढं लिहिलं की उणीवही राहते आणि तिच्यावर केलेलं कामही दिसतं. जिद्द वाखाणण्याची वेगळी गरज पडत नाही. फक्त उणीव शिष्यवृत्तीच्या मुळावर येणारी असेल, तर सरांशी मोकळेपणाने बोला. कदाचित या शिष्यवृत्तीसाठी शिफारस करणारे योग्य गृहस्थ ते नसतील.

घरची परिस्थिती गाळा. शिष्यवृत्ती आर्थिक निकषावर असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही मुलीला विचारूनच. 'कु.' नको, 'सुस्वभावी', 'सोज्वळ' नको. मुलाच्या पत्रात हेच सर 'सोज्वळ' लिहितील का, असा प्रश्न मनात विचारून बघा.

भाषेबद्दल फार सांगत नाही. 'आमच्या निदर्शनास आले' याचं सरळ 'मी पाहिलं' करा. इंग्रजी शिफारसपत्रात 'आम्ही' कोण ते कळत नाही. 'पास आउट' लिहू नका, तिकडे त्याचा अर्थ बेशुद्ध पडणं असा होतो. शुभेच्छांच्या जागी एक ठाम वाक्य: कुठल्या कामासाठी, किती खात्रीने शिफारस करतो. आणि इंग्रजी फार गुळगुळीत करू नका. सरांच्या ईमेलमधलं इंग्रजी आणि पत्रातलं इंग्रजी दोन वेगळ्या माणसांचं वाटलं, तर पत्र दुसऱ्या कोणी लिहिलं हे चाणाक्ष माणूस ओळखतो. लहान, सरळ वाक्यं सरांना शोभतात आणि समितीलाही आवडतात. एक ते दीड पान पुष्कळ झालं.

आता गोपनीयता. अनेक अर्जांत विद्यार्थ्याने 'हे पत्र पाहण्याचा हक्क मी सोडतो' अशी खूण केलेली असते. अमेरिकेत तर हा हक्क १९७४च्या कायद्याने मिळालेला आहे, म्हणून तो सोडल्याचं लेखी घेतात. तिने तशी खूण केली असेल तर मसुदा तिला दाखवू नका आणि तारीख किंवा प्रबंधाचं नाव तपासायलाही पत्र पाठवू नका. तेवढीच माहिती तिच्याकडून वेगळी मागवा. तुम्ही विभागातल्याच आहात हे इथे बरं आहे. तिनेच अनुवाद केला असता तर हा घोळ आधीच झाला असता.

अंतिम प्रत छापून सरांना द्या आणि पेन्सिल हातात ठेवायला सांगा. पडद्यावर वाचताना माणूस 'ठीक आहे' म्हणून मोकळा होतो, कागदावर खुणा करतो. लेटरहेड, तारीख, पद आणि विद्यापीठाचा ईमेल तपासा. पत्र चढवण्यासाठीची लिंक सरांच्या ईमेलवर येईल, तेव्हा पत्र सरांच्याच खात्यावरून चढू द्या. पीडीएफ करण्याआधी फाईलच्या गुणधर्मांत लेखक म्हणून कोणाचं नाव आहे तेही बघा. तिथे तुमचं किंवा त्या मुलीचं नाव राहिलेलं असू शकतं.