एचआरला पत्र पाठवण्याआधी

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा वाचला. त्यावर बोलण्याआधी एक विचारतो, आणि त्याचं उत्तर मला फोनवरच दे. शेवटच्या परिच्छेदात तू ‘आता सगळं संपवून टाकावंसं वाटतं’ असं लिहिलं आहेस. ते नोकरीबद्दल आहे की जिवाबद्दल? जुगाराच्या कर्जात रुतलेल्या माणसाच्या मनात असा विचार येतो, हे कुठल्याही मानसोपचारतज्ज्ञाला माहीत असतं, तेव्हा सांगताना संकोच नको. जिवाबद्दल असेल तर पत्र बाजूला ठेव आणि आधी १४४१६ या नंबरवर फोन लाव. ही सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा आहे, चोवीस तास चालते, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. त्यानंतर मला फोन कर. कितीही वाजले असले तरी कर.

आता पत्राकडे वळू. तू साडेतीन पानं लिहिली आहेस. पहिला सट्टा कुणाच्या नादाने लावला, आयपीएलच्या दोन महिन्यांत किती गेले, कुठल्या लोन अ‍ॅपचे किती, क्रेडिट कार्डाचे किती, आईच्या पाटल्या कुठे गहाण आहेत, हे सगळं त्यात आहे. हे कुणाला तरी सांगायची गरज तुला होती, ते बरोबरच आहे. पण ते ऐकायची जागा एचआर नव्हे. मी आयुष्यभर तेच काम केलं, म्हणून सांगतो. असा मेल आला की तो एका माणसाजवळ राहत नाही. तो तुझ्या फायलीत लागतो, प्लांट हेडकडे जातो, कधी कंपनीच्या वकिलाकडेही जातो. डॉक्टरांना तुझी माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने घातलं आहे. एचआरवर तसं बंधन नाही. तिथे कंपनीचं धोरण आणि समोरच्या व्यक्तीचा सुज्ञपणा एवढंच असतं. आजच्या मॅडम भल्या आहेत, पण त्या बदलून गेल्यावर तीच फाइल दुसरं कुणीतरी उघडणार. म्हणून पाच वर्षांनी अनोळखी माणसाने वाचलं तरी चालेल एवढंच लिही.

जुगाराचा उल्लेख करायचा की नाही, हा तुझा खरा प्रश्न आहे. बहुतेकांना मी सांगतो, करू नका. ‘आरोग्याच्या कारणाने उपचार चालू आहेत’ एवढं लिहून डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलं की पुरतं. त्या प्रमाणपत्रावर आजाराचं नाव असलंच पाहिजे असंही नाही. उपचार चालू आहेत आणि त्यासाठी अमुक इतका वेळ लागेल, एवढं डॉक्टर लिहून देऊ शकतात. तुझी गोष्ट मात्र दोन कारणांनी वेगळी आहे. वसुलीवाल्याचा एक फोन तुमच्या रिसेप्शनवर येऊन गेला आहे, म्हणजे दुसरा एचआरकडे जाणार हे धरून चाल. ती बातमी त्यांना आधी तुझ्याकडून कळणं आणि आधी वसुलीवाल्याकडून कळणं यात फार फरक पडतो. दुसरं म्हणजे तू अकाउंट्समध्ये आहेस आणि पुरवठादारांची पेमेंट्स बँकेच्या पोर्टलवर तूच चढवतोस. अशा जागेवरच्या माणसाने कर्जाची गोष्ट लपवली आणि ती नंतर उघडकीला आली, तर त्याच्या साध्या चुकीकडेही संशयाने बघतात. म्हणून तू उल्लेख कर, पण एका वाक्यात.

आणि तुझ्या मसुद्यात जे कुठेच नाही, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: पेमेंट चढवण्याचे अधिकार काही काळ काढून घ्या, असं तूच माग. आपल्यावरचा विश्वास गेला असं दिसेल, ही भीती तुला वाटेल. प्रत्यक्षात उलटं होतं. जो स्वतःहून पैशापासून लांब होतो, त्याच्याकडे बोट दाखवणं अवघड जातं. शिवाय महिनाअखेरीला हप्ता चुकलेला असताना, मोबाइल सारखा वाजत असताना, समोर लाखोंची पेमेंट फाइल उघडी असणं तुझ्यासाठी बरं नाही. हे मी तुझ्या सचोटीवर शंका घेऊन लिहीत नाही.

तू चाकणला कामाला आहेस, तुमच्याकडे मेल इंग्रजीतच जाणार. तरी आधी मराठीत मनासारखं लिही, मग इंग्रजी कर. नाहीतर पाठ केलेली वाक्यं येतात आणि अर्थ निसटतो. मी तुझी साडेतीन पानं अशी उतरवली:

“आदरणीय मॅडम,

गेले काही महिने माझ्या प्रकृतीचा माझ्या कामावर परिणाम होतो आहे. जूनच्या क्लोजिंगला एका पुरवठादाराचं बिल माझ्याकडून दोनदा चढलं; ते मंजुरीच्या वेळी लक्षात आलं आणि जादा पैसे गेले नाहीत. याच काळात मी तीन वेळा ऐनवेळी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. यामागे ऑनलाइन जुगाराची सवय आणि त्यातून झालेलं वैयक्तिक कर्ज आहे. कंपनीच्या पैशांशी त्याचा कोणताही संबंध नाही. मी मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार सुरू केले आहेत. प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे.

पुढचे आठ आठवडे दर गुरुवारी दुपारी दोननंतर मला उपचारांसाठी जाण्याची परवानगी मिळावी. तो वेळ मी इतर दिवशी भरून काढीन. या काळात पेमेंट चढवण्याचे माझे अधिकार काढून मला बिल पडताळणीचं काम द्यावं, अशी माझीच विनंती आहे. माझ्या वैयक्तिक कर्जाबद्दल कुणाचा फोन आल्यास माझी कोणतीही माहिती देऊ नये आणि मला कळवावं. हा मजकूर ज्यांना कामासाठी कळणं आवश्यक आहे त्यांच्यापुरताच ठेवावा. आठ आठवड्यांनी आपण भेटून आढावा घ्यावा.

आपला विश्वासू”

यात कर्जाचा आकडा नाही, अ‍ॅपचं नाव नाही, माफी नाही, घरच्यांचा उल्लेख नाही. कामात काय बिघडलं, ते मात्र तारखेने सांगता येईल इतकं नेमकं आहे; कारण ते त्यांना माहीतच आहे, आणि तू ते गाळलंस तर बाकीच्या पत्रावरचाही विश्वास जाईल. जूनच्या चुकीबद्दल मेमो मिळाला तर हे पत्र तो थांबवणार नाही. पत्राने पुढच्या दोन महिन्यांची सोय होते, मागचं पुसलं जात नाही.

एका वाक्यापाशी मात्र थांब. ‘कंपनीच्या पैशांशी त्याचा कोणताही संबंध नाही’ हे वाक्य शंभर टक्के खरं असेल तरच ठेव. पेटी कॅशमधले दोन हजार चार दिवसांसाठी घेऊन परत ठेवले असतील, तरी ते खरं राहत नाही. तसं काही असेल, किंवा तुझं बँक खातं किंवा यूपीआय कुणा सट्टेवाल्याला पैसे फिरवायला दिलं असशील, तर हे पत्र पाठवायचं नाही. आधी वकील गाठायचा, मी येतो बरोबर. नुसतं खेळल्याबद्दल एचआर पोलिसांत देईल, ही तुझी भीती मात्र काढून टाक. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणाऱ्या २०२५ च्या केंद्रीय कायद्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्यांना, त्याची जाहिरात करणाऱ्यांना आणि पैशांची ने-आण करणाऱ्यांना. खेळणाऱ्यासाठी त्यात शिक्षा नाही.

पगाराचा अ‍ॅडव्हान्स मागायचा तुझा विचार मी काढून टाकला आहे. सवय अजून ताब्यात नसताना हातात आलेली रक्कम कुठे जाते, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि मदतीच्या पत्रात पैशांची मागणी आली की वाचणाऱ्याला बाकीचं काही दिसत नाही. त्याहून धोक्याचं म्हणजे कामगारांच्या पतसंस्थेचं कर्ज. तिथे तुझ्याच टेबलाशेजारचे दोघं जामीनदार राहणार. हप्ता परस्पर पगारातून कापला जातो, सहकार कायद्यात तशी सोय आहे. आणि तू थकलास की ते दोघं अडचणीत येतात. एकदा जामीनदारांच्या पगाराला हात लागला की तुझी गोष्ट कुणापासून लपत नाही.

वसुलीवाले ‘तुझा पगारच थांबवतो’ म्हणतात, त्याला घाबरू नकोस. कोर्टाचा आदेश किंवा तुझी स्वतःची लेखी संमती नसताना कुणी फोन केला म्हणून कंपनी पगारातून त्याला पैसे देत नाही. तेव्हा कर्ज घेताना कशाकशावर सही केलीस, ते कागद एकदा काढून बघ. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वसुली एजंटाने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, आणि नातेवाईक किंवा मित्रांपर्यंत जाऊन कर्जदाराची बेअब्रू करायची नाही. फोन आला की तारीख, वेळ, नंबर आणि काय बोलला ते वहीत लिही. कर्ज देणारी संस्था रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली असेल तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार कर. ३० दिवसांत दाद लागली नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जाता येतं. नोंदच नसलेलं अ‍ॅप असेल आणि ते फोटो पसरवायची धमकी देत असेल, तर १९३० वर सायबर तक्रार कर.

आता क्रम. मसुद्यात तू ‘लवकरच उपचार घेणार आहे’ असं लिहिलंस. ‘घेणार आहे’ हे एचआरने हजारदा वाचलेलं असतं. जुगाराचं व्यसन जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आहे, त्यामुळे मानसोपचाराच्या ओपीडीत तुला कुणी ‘इथे कशाला आलास’ म्हणणार नाही. आधी ससूनला किंवा तुला सोयीच्या दवाखान्यात जाऊन केसपेपर काढ, प्रमाणपत्र घे. मग मॅडमची अर्ध्या तासाची वेळ माग, समोर बसून हेच चार मुद्दे सांग आणि त्याच संध्याकाळी ‘आज बोलल्याप्रमाणे’ म्हणून मेल पाठव. कंपनीच्या लॅपटॉपवर मसुदे ठेवू नकोस. मेलची एक प्रत छापून घरी ठेव. तुमच्या कंपनीत कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशन सेवा आहे का, तेही त्याच भेटीत विचार. पुष्कळ ठिकाणी ती असते आणि कुणी वापरत नाही.

त्या भेटीत त्या ‘एकूण कर्ज किती?’ असं विचारतील, बहुधा काळजीपोटीच. ‘ते मी घरच्यांबरोबर बसून सोडवतो आहे, मॅडम,’ असं म्हण आणि परत गुरुवारच्या वेळेवर ये. पण हे उत्तर खरं असायला हवं, म्हणजे त्याआधी वडिलांना सांगायला हवं. रविवारी मी गावी येतो आहे. तू म्हणालास तर त्यांच्याशी बोलताना मी तिथे बसेन. आकड्यांचा कागद तेवढा करून ठेव: कुणाचे किती, व्याज किती, हप्त्याची तारीख कुठली. तुझ्या साडेतीन पानांतला तो भाग रविवारी लागेल.

तुझा,
काका