काजू कंपनीत पैसे? आधी तिचे एचएसएन कोड वाचा

प्रश्न: मी फोंड्याचा निवृत्त शिक्षक. मेव्हण्याच्या मित्राची काजूची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. ते म्हणतात, 'गोव्याचाच काजू, दरवर्षी सहा कोटींची निर्यात.' वीस लाख ठेवले तर वर्षाला १८ टक्के देतील. दोन लाख गेल्या महिन्यात दिले, लेटरहेडवर पावती आहे. उरलेल्या अठरा लाखांसाठी ७ टक्क्यांची एफडी मोडू की सोनेतारण कर्ज घेऊ? त्यांनी विश्वासाने दिलेले वर्षभराचे जीएसटीचे कागद आणि एक शिपिंग बिल सोबत जोडले आहे.

उत्तर: एफडी मोडू नका आणि सोनेही गहाण ठेवू नका. तुमचा खरा प्रश्न त्या जोडलेल्या कागदांत आहे. ही कंपनी काजूची मोठी निर्यातदार नाही. तिचा मुख्य धंदा लोखंडी सळयांचा आहे.

आधी जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रातला तक्ता १२ काढा. कंपनीने वर्षभरात काय विकले, ते त्यात एचएसएन कोडप्रमाणे, म्हणजे मालाचा प्रकार सांगणाऱ्या आकडी कोडाप्रमाणे येते: कोड, प्रमाण, रक्कम. तुमच्या कागदांतल्या बारा महिन्यांची बेरीज केली तर दोनच ओळी उरतात. काजू ज्यात येतो त्या 0801 या कोडाखाली ३० टन माल आणि १ कोटी ३५ लाख रुपये, तर 7214 खाली ३ कोटी १० लाख. 7214 म्हणजे बांधकामाच्या सळया. एकूण उलाढाल ४ कोटी ४५ लाख, आणि त्यातला दोन तृतीयांशाहून जास्त भाग सळयांचा.

आता कोड किती आकडी आहे ते बघा. आदल्या आर्थिक वर्षात उलाढाल ५ कोटींवर गेली असेल तर सहा आकडी कोड द्यावा लागतो. ५ कोटींपर्यंत चार आकडी चालतो. ही उलाढाल त्या पॅनवरच्या देशभरातल्या सगळ्या नोंदण्यांची मिळून धरतात. तुमच्या कागदांवर चारच आकडे आहेत. म्हणजे 'दरवर्षी सहा कोटी' हा दावा कंपनीने स्वतः भरलेल्या विवरणपत्राशीच जुळत नाही. 'आमची मोठी नोंदणी महाराष्ट्रात आहे' हे उत्तरही इथे टिकत नाही. तरी खात्री करायची असेल तर services.gst.gov.in वर पॅनवरून शोधा. जीएसटी क्रमांकातला पहिला ३० हा गोव्याचा, आणि पुढचे दहा अक्षर-आकडे म्हणजे पॅन. त्या पॅनवर आणखी कुठल्या राज्यात नोंदणी आहे, ते फुकट दिसते.

त्याच संकेतस्थळावर कंपनीच्या नावाखाली कोणत्या मालाचे कोड दिसतात, त्यावर मात्र विसंबू नका. ते कोड नोंदणी करताना मालकानेच भरलेले असतात. कोणीही तिथे काजू लिहू शकतो. विकलेला माल कळतो तो तक्ता १२ मधून, आणि तो कंपनीकडूनच मागावा लागतो.

चार आकडी 0801 ची एक मर्यादा आहे. काजूची सालासकट बी आणि सोललेला गर, दोन्ही त्यातच येतात. सहा आकड्यांवर गेले की 080131 म्हणजे बी आणि 080132 म्हणजे गर, असा फरक कळतो. तुकडा की अख्खा, हे मात्र आठ आकड्यांवरच उघड होते. म्हणून इथे किलोचा भाव काढायचा. १ कोटी ३५ लाख भागिले ३० हजार किलो, म्हणजे ४५० रुपये. ढोबळ भाव धरू: बी दीडशे, अख्खा गर साडेसातशे. मग ४५० चा अर्थ एक तर निम्मे वजन न सोललेल्या बियांचे, नाहीतर सगळा माल हलक्या तुकड्याचा. फक्त अख्खे गर विकणाऱ्याच्या कागदावर ही सरासरी येणार नाही.

शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीच्या मालाचा कस्टम्सचा कागद, हेच सांगते. त्यावर कोड आठ आकडी आहे, 08013210, म्हणजे काजूचा तुकडा. अख्ख्या गराचा कोड 08013220. माल ३ टन, रक्कम १८ लाख. हेच १८ लाख जीएसटीआर-१ मधल्या निर्यातीच्या तक्ता ६ए मध्ये बिल क्रमांक आणि तारखेसह आहेत, आणि वर्षभरात त्या तक्त्यात दुसरी नोंदच नाही. म्हणजे तुम्हाला नमुना म्हणून दाखवलेले बिल हीच अख्ख्या वर्षाची निर्यात. उलाढालीच्या जेमतेम चार टक्के. 'आम्ही दुसऱ्या निर्यातदारामार्फत पाठवतो' असे ते म्हणतील. तसे असते तरी तो माल 0801 च्याच ओळीत आला असता, आणि ती ओळ सव्वा कोटीच्या थोडी वर जाऊन थांबते. बंदर न्हावा शेवा आहे यात संशयाचे काही नाही. गोव्याचा माल तिथूनही जातो.

'गोव्याचाच काजू' या दाव्याचीही तपासणी होते. शेतकऱ्याकडून थेट काजू बी घेतली की कर विकणारा भरत नाही, घेणारा भरतो. तो जीएसटीआर-३बी या कर भरण्याच्या विवरणपत्रात 3.1(d) रकान्यात दिसतो. आपल्याकडे हंगाम मार्च ते मे. थेट बागायतदारांकडून घेणाऱ्याचा हा रकाना त्या महिन्यांत फुगलेला असतो. तुमच्या कागदांत तिथे दरमहा काही हजार आहेत, ते बहुधा ट्रकभाड्याचे. व्यापारी किंवा सोसायटीकडून घेतलेली बी या रकान्यात येत नाही, त्यामुळे माल बाहेरचाच आहे असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. पण मग खरेदीची बिले दाखवायला सांगा, आणि बी आयात केली असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टम्सचा कागद. बाजारात आयात-निर्यातीच्या नोंदी विकणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. अशी माहिती प्रसिद्ध करणे २०२२ पासून कस्टम्स कायद्याच्या कलम १३५एए खाली गुन्हा आहे, आणि कंपनीचे स्वतःचे कागद पुरेसे आहेत.

आता १८ टक्के कुठून येणार ते बघू. समजा, सळयांवर ३ टक्के सुटतात, म्हणजे ९ लाख. काजूवर ५ टक्के धरले तर ७ लाख. खर्च, पगार, बँकेचे व्याज वजा करण्याआधीचे हे सोळा लाख. तुमचे एकट्याचे व्याज ३ लाख ६० हजार. तुमच्यासारखे पाच जण असतील तर १८ लाख, म्हणजे धंद्यात सुटते त्याहून जास्त. मग जुन्यांचे व्याज नव्यांच्या पैशातून जाते. तुम्हाला एफडीपेक्षा वर्षाला २ लाख २० हजार जास्त मिळणार. वीस लाख बुडाले तर ते भरून यायला असली नऊ वर्षे लागतील.

शिवाय प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला बाहेरच्या लोकांकडून ठेवी घेताच येत नाहीत. पात्र पब्लिक कंपनीलाही १२.५ टक्क्यांवर व्याज देता येत नाही. मेव्हण्याच्या ओळखीने हा नियम बदलत नाही.

राहिले दोन लाख. ते चेकने दिले असतील तर बँकेचा उतारा काढून ठेवा. रोख दिले असतील तर अडचण त्यांचीही आहे, कारण वीस हजार किंवा त्याहून जास्त ठेव रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. या आठवड्यात कंपनीच्या पत्त्यावर रजिस्टर्ड पत्र पाठवा: रक्कम, तारीख, पावतीची प्रत, आणि पैसे पंधरा दिवसांत बँक खात्यातच परत करावेत अशी मागणी. मेव्हण्याला पत्राची प्रत द्या, पण बोलणी त्याच्यावर सोपवू नका. पैसे येईपर्यंत व्याजाचा पहिला हप्ता आला, तर तो 'मुद्दलापैकी मिळाले' असे लिहूनच स्वीकारा.