मॅस्टोडॉनवर धागा शेड्यूल करताना

सात भागांचा धागा असेल, तर प्रत्येक भागाला वेगवेगळा `scheduled_at` देऊ नकोस. शेड्यूल केलेल्या पोस्टला मिळणारा आयडी हा फक्त रांगेतला असतो. प्रसिद्ध झाल्यावर पोस्टचा खरा आयडी वेगळाच निघतो. मग दुसरा भाग उत्तर म्हणून जोडणार कोणत्या आयडीला?

त्यापेक्षा ठरलेल्या वेळी क्रॉनने स्क्रिप्ट सुरू कर. १/७ टाक, सर्व्हरच्या प्रतिसादात आलेला `id` लगेच फाइलमध्ये लिही आणि तोच २/७ च्या `in_reply_to_id` मध्ये दे. पुढेही असंच.

माझा ४/७ एकदा ५०० अक्षरांच्या मर्यादेपलीकडे गेला आणि सर्व्हरने 422 दिला. स्क्रिप्ट मात्र थांबली नाही. ५/७ थेट ३/७ ला चिकटला आणि मधला मुद्दाच गायब! म्हणून 200 सोडून काहीही आलं की तिथेच थांब. मजकूर दुरुस्त करून फाइलमधल्या शेवटच्या आयडीपासून पुढे चाल.

टाइमआउट जास्त फसवा. पोस्ट पडलेली असू शकते, फक्त सर्व्हरचा प्रतिसाद पोचलेला नसतो. प्रत्येक भागाला स्वतःची `Idempotency-Key` दे. तासाभराच्या आत त्याच कीने पुन्हा पाठवलंस तर दुसरी प्रत न पडता पहिल्याच पोस्टचा आयडी परत मिळतो. त्याहून उशीर झाला, तर आधी प्रोफाइल उघडून डोळ्यांनी बघ.