कोकमाची फळं तशीच विकण्याऐवजी काय करता येईल?

प्रश्न: आमच्याकडे मे महिन्यात रातांबे खूप पिकतात, व्यापारी पडत्या भावाने उचलतो. घरच्या घरी काय बनवून विकता येईल?

उत्तर: आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, करा. आमसुलाला भाव बरा, पण साली मिठाच्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवाव्या लागतात आणि मेअखेर पावसाची एक सर आली की बुरशी धरते. आगळाला ऊन लागत नाही. पूर्ण पिकलेली लाल फळं धुऊन नीट कोरडी करा, फोडून बिया काढा. किलोभर फळाला साधारण 160 ग्रॅम मीठ, थरावर थर लावून चिनी मातीच्या बरणीत किंवा खाद्य दर्जाच्या प्लास्टिकच्या पिंपात भरा. ॲल्युमिनियम, तांबं अजिबात नको, आंबट रस धातू खातो. रोज कोरड्या लाकडी डावाने ढवळा, आठवडाभराने रस गाळून बाटल्यांत भरा. वर पांढरी साय दिसली तर मीठ कमी पडलं किंवा पाणी शिरलं असं समजा. तो माल विकू नका. बिया फेकू नका, वाळवून ठेवल्या तर पावसाळ्यात त्यांचं मुठेल, म्हणजे घट्ट कोकम तेल, काढता येतं.

मात्र अन्नसुरक्षा नोंदणी आणि लेबल असल्याशिवाय दुकानदार बाटली ठेवत नाही, ते काम हंगामाआधीच उरका.